एरर नेमक्या कधीपासून वाढल्या?

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडली आणि त्यानंतर एरर वाढल्या, की दोष त्या रिलीजवर टाकून सगळे मोकळे होतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! पण फांदी नेमकी कधी मोडली, हे आकड्यांनाच विचारता येतं.

समजा, 12 दिवसांच्या एरर अशा आहेत: 41, 38, 44, 40, 37, 43, 39, 42, 52, 49, 55, 48. रिलीज झालं सहाव्या दिवशी. नुसत्या नजरेने फसायला होतं, कारण रोज 40 च्या आसपास एरर येत असतील तर पाच-सहाचा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो.

इथे मला फार आवडणारी एक युक्ती कामी येते. ई. एस. पेज यांनी 1954 मध्ये मांडलेल्या ‘क्युसम’ पद्धतीचं हे सोपं रूप. आधी सरासरी काढा: 44. मग प्रत्येक दिवसाच्या आकड्यातून 44 वजा करा आणि येणाऱ्या फरकांची बेरीज करत पुढे चला. पहिल्या दिवशी −3, दुसऱ्या दिवशी −9, मग −9, −13, −20, −21, −26, −28. इथवर उतरण. नवव्या दिवशी −20, नंतर −15, −4 आणि शेवटी 0. कमी आकड्यांचे दिवस बेरजेला खाली ओढतात, जास्तीचे वर. रोजची खळखळ बरीचशी आपसात कटते आणि एक दरी उरते. तिचा तळ आठव्या दिवशी, म्हणजे बदल नवव्या दिवसापासून. आधीची सरासरी 40.5, नंतरची 51.

पण दरी योगायोगानेही पडू शकते. म्हणून तेच 12 आकडे पत्त्यांसारखे पिसून पुन्हा बेरीज करायची, असं हजार वेळा. शून्यापासून 28 इतकं लांब, वर किंवा खाली, जाणं हजारात साधारण सहा वेळाच जमतं. तेव्हा हा बदल खरा मानायला हरकत नाही.

मग सहाव्या दिवसाच्या रिलीजचा दोष नाही? घाई नको. रिलीजच्या वेळी सगळ्यांना लॉगिनचं नवं टोकन मिळालं असेल, ते 72 तास चालत असेल आणि मुदत संपल्यावर ते नव्याने देणारा कोड बिघडला असेल, तर पहिला फटका नवव्या दिवशीच बसेल. तारखेमुळे लॉगमध्ये काय शोधायचं ते कळतं. कारण मात्र लॉगमध्येच सापडतं.

दोन ठिकाणी ही पद्धत चकवते. वापर वाढला की एररही वाढतात, म्हणून मोजणी दर हजार विनंत्यांमागे करावी. शनिवार-रविवारी वापर बदलत असेल तर ते आणखी गरजेचं. दुसरं, एरर हळूहळू चढत असतील तरी दरी पडतेच, आणि तिचा तळ चढणीच्या मध्ये कुठेतरी येतो. त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. अशा वेळी सरासरीऐवजी दोन्ही बाजूंना तिरप्या रेषा बसवून त्यांचा सांधा शोधावा लागतो.