बी-12ची पट्टी वाचताना

केमिस्टकडे बी-12ची गोळी मागितली की एका पट्टीवर मिथाइलकोबालामिन लिहिलेलं असतं, दुसरीवर सायनोकोबालामिन. पहिली बहुधा महाग असते आणि ‘शरीराला थेट लागू पडणारी’ म्हणून विकली जाते. हा दावा पेशीच्या आत नेमकं काय घडतं ते पाहूनच तपासायला हवा.

बी-12च्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट या धातूचा एक अणू असतो. त्याला वरच्या बाजूने एक छोटा गट चिकटलेला असतो आणि दोन्ही औषधांत फरक आहे तो एवढ्या गटाचाच. एकात तो मिथाइल, तर दुसऱ्यात सायनाइड. सायनाइड हे नाव ऐकून घाबरू नये. 1000 मायक्रोग्रॅम सायनोकोबालामिनमध्ये ते जेमतेम 20 मायक्रोग्रॅम भरतं आणि शरीर ते सहज बाहेर टाकतं. मात्र मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल किंवा डोळ्याच्या नसेचा ‘लेबर’ नावाचा आनुवंशिक विकार असेल, तर डॉक्टर हे रूप टाळतात.

पेशीत शिरल्यावर एक प्रथिन हा वरचा गट काढून टाकतं, मग तो सायनाइड असो वा मिथाइल. उरलेल्या गाभ्यावर पेशी गरजेनुसार नवा गट बसवते. एका कामासाठी मिथाइल, तर पेशीतल्या मायटोकाँड्रियामधल्या दुसऱ्या कामासाठी अ‍ॅडेनोसिल. म्हणजे गोळीतून आलेला मिथाइल गट जसाच्या तसा वापरला जात नाही. त्यामुळे साध्या कमतरतेत केवळ नावासाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण मला दिसत नाही.

खरा फरक पडतो तो नावापुढच्या आकड्याने. मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम असते, मग गोळी 1500ची कशासाठी? जठरात तयार होणारं ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचं प्रथिन बी-12ला आतड्यातून आत नेतं, पण एका वेळी त्याची क्षमता दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास संपते. उरलेल्या साठ्यातला साधारण एक टक्का त्याच्या मदतीशिवाय आपोआप झिरपतो. आता हिशेब करू. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत 15 मायक्रोग्रॅम असतील, तर रक्तात सुमारे दोन पोचतात. 500च्या गोळीतून सात आणि 1500च्या गोळीतून सतरा. आकडा शंभरपट झाला, पण हाती आलं ते आठ-नऊपट. ज्यांच्या शरीरात इंट्रिन्सिक फॅक्टर बनतच नाही, त्यांच्यासाठी फक्त तो एक टक्का उरतो. 15च्या गोळीतून त्यांना 0.15 मायक्रोग्रॅम मिळतं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. 1500च्या गोळीतून मात्र पंधरा मिळतात.

आकडा वाचताना एकक तपासायलाच हवं. पट्टीवर ‘एमसीजी’ किंवा µg असेल तर ते मायक्रोग्रॅम, ‘एमजी’ असेल तर मिलिग्रॅम, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. म्हणून 1.5 एमजी आणि 1500 एमसीजी या दोन गोळ्या एकच. मिश्र गोळ्यांमध्ये घोटाळा जास्त होतो. बी-1 आणि बी-6 मिलिग्रॅममध्ये छापलेले असतात आणि त्यांच्याच खालच्या ओळीत बी-12 मायक्रोग्रॅममध्ये. डोळा वरच्या एककावरून सरकत खाली येतो आणि 15 मायक्रोग्रॅमचे 15 मिलिग्रॅम वाचले जातात. डॉक्टरांनी 1500 लिहिलं असताना अशी 15ची गोळी महिनोन्महिने घेतली, तर ‘औषध चालू आहे, तरी पायाच्या मुंग्या जात नाहीत’ अशी तक्रार राहू शकते.

इंजेक्शनच्या कुपीवर आणखी एक गोष्ट पाहायची: आकडा प्रत्येक मिलीचा आहे की पूर्ण कुपीचा? समजा 2 मिलीच्या कुपीवर ‘प्रत्येक मिलीत मेकोबालामिन 500 एमसीजी’ लिहिलं आहे. मेकोबालामिन हे मिथाइलकोबालामिनचंच दुसरं नाव. त्या कुपीत एकूण 1000 मायक्रोग्रॅम झाले. डॉक्टरांनी 500 सांगितले असतील तर 1 मिलीच द्यायचं. उलट लेबलवर ‘2 मिलीच्या प्रत्येक कुपीत 500’ असेल, तर त्याच 500साठी पूर्ण कुपी लागेल. अनेकदा वापरायच्या 10 मिलीच्या बाटलीवर 1000 हा आकडा बहुधा एका मिलीचा असतो. इंजेक्शनमध्ये आतड्याचा अडथळा नसतो, सगळं औषध शरीरात पोचतं. तरी मोठ्या मात्रेतला बराचसा भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो, त्यामुळे इंजेक्शनचा 1000 आणि गोळीचा 1000 यांची थेट तुलना करता येत नाही.

एका बाबतीत मात्र मिथाइल रूप खरोखर वेगळं आहे. ते उजेडात फार लवकर बिघडतं. प्रकाश पडला की कोबाल्ट आणि मिथाइल यांच्यातला बंध तुटतो. म्हणून या कुप्या तपकिरी काचेच्या असतात आणि औषध टोचण्याच्या वेळेलाच सिरिंजमध्ये भरायचं असतं. सायनो रूप त्या मानाने बरंच टिकाऊ. खिडकीपाशी उघड्या ट्रेमध्ये मिथाइलच्या कुप्या खोक्याबाहेर काढून ठेवलेल्या दिसल्या, तर नर्सला विचारून त्या खोक्यात परत ठेवायला सांगा.