शेअर आणि बाँड : तुमच्या हातात नेमकं काय येतं?

‘कंपनीला एवढा नफा झाला, मग माझ्या बाँडचं व्याज का वाढलं नाही?’ हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. व्याज वाढत नाही, कारण बाँड घेताना तुम्ही कंपनीला कर्ज दिलेलं असतं. शेअर घेणारा मात्र मालकीचा हिस्सा घेतो. म्हणजे एक सावकार, दुसरा मालक.

समजा, एका कंपनीनं १ कोटी उभे केले. त्यातले ६० लाख ८ टक्के व्याजाच्या बाँडमधून आले आणि ४० लाख शेअरमधून. बाँडवाल्यांना दरसाल ४ लाख ८० हजार व्याज द्यायचंच आहे.

एका वर्षी व्याजाआधीचा नफा २० लाख झाला. व्याज दिल्यावर १५ लाख २० हजार उरले (कर सध्या बाजूला ठेवू). ते सगळे भागधारकांचे. पण ‘त्यांचे’ म्हणजे लगेच त्यांच्या खिशात नव्हे. लाभांश वाटायचा की पैसा धंद्यातच ठेवायचा, याचा निर्णय आधी संचालक मंडळ घेतं. भागधारकाला मत असतं, पण ‘माझा वाटा आता द्या’ असं तो म्हणू शकत नाही. पुढच्या वर्षी नफा घसरून ४ लाखांवर आला. तरी व्याज पूर्ण द्यावंच लागतं. कमी पडणारे ८० हजार शिलकीतून काढावे लागतात. नाही दिले तर ती कराराची थकबाकी, आणि बाँडधारक कायदेशीर वसुलीला जाऊ शकतात. लाभांश मात्र एखाद्या वर्षी दिला नाही, तर सर्वसाधारण शेअरवाल्याला दाद मागता येत नाही.

खरा फरक कळतो तो कंपनी बुडाल्यावर. सगळं विकून, कामगारांची आणि इतर आधीची देणी भागवून ५० लाख हाती आले असं धरू. बाँडवाल्यांचं येणं ६० लाख, म्हणजे त्यांना दर शंभरामागे साधारण ८३ मिळतील. भागधारकांना शून्य. हाती ७५ लाख आले असते, तर बाँडचं मुद्दल फिटून १५ लाख भागधारकांकडे गेले असते. देण्यांचा तपशीलवार क्रम देशागणिक बदलतो. पण सगळीकडे भागधारक रांगेत शेवटीच असतो. एक दिलासा आहे: पूर्ण पैसे भरलेल्या शेअरवर तुमचं नुकसान गुंतवलेल्या रकमेपुरतंच. कंपनीची कर्जं तुमच्या घरापर्यंत येत नाहीत.

म्हणून बाँड घेताना तो तारणी आहे की बिनतारणी, हे आधी बघा. व्याजाचा आकडा नंतर. तारणी असेल तर ठरावीक मालमत्तेवर तुमचा हक्क इतर घेणेकऱ्यांच्या आधी लागतो.

बाँडची किंमत हलतच नाही, असाही एक गैरसमज आहे. १,००० दर्शनी किमतीचा, ८ टक्क्यांचा बाँड एका वर्षानं १,०८० देणार आहे. दरम्यान तशाच जोखमीच्या नव्या बाँडवर १० टक्के मिळू लागले, तर आज तो विकताना ९८२ च्या आसपासच येतील. मुदत जितकी लांब, तितकी ही घट मोठी. शेवटपर्यंत ठेवलात आणि कंपनी टिकली, तर १,०८० पूर्ण मिळतात. शेअरला अशी मुदतच नसते. पैसे हवे असतील तर गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि भाव तो म्हणेल तो.