प्रवासाची दुआ (विमानप्रवासातील)

प्रवासाला निघताना मुस्लिम म्हणतात ती प्रार्थना. बोलीत ‘सफर की दुआ’. तिचा गाभा कुरआनातील सूरह झुख्रुफमध्ये आहे (४३ : १३-१४) : ‘सुब्हानल्लझी सख्खर लना हाझा वमा कुन्ना लहू मुक्रिनीन, व इन्ना इला रब्बिना लमुन्कलिबून’. म्हणजे, ज्याने हे वाहन आमच्या अधीन केले तो पवित्र आहे. आमच्या बळावर ते आवरणे आम्हांला शक्य नव्हते, आणि आम्ही आमच्या पालनकर्त्याकडेच परतणार आहोत. आधीच्या आयतीत जहाजे व जनावरे यांचा उल्लेख आहे. तरीही ‘स्वारी करता ते’ या व्यापक शब्दयोजनेमुळे विमानाचा समावेश करण्यास अडचण येत नाही.

ही दुआ नेमकी केव्हा म्हणावी, यावर मतांतरे आहेत. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातील अब्दुल्लाह इब्न उमर यांच्या कथनानुसार प्रेषित प्रवासाला निघताना उंटावर नीट बसल्यावर तीनदा ‘अल्लाहु अकबर’ म्हणत, मग ही आयत आणि पुढे दीर्घ प्रार्थना : या प्रवासात पुण्य व तक्वा म्हणजे ईशभय दे, अंतर आटोपते कर, प्रवासात तूच सोबती आणि घरच्यांचा तूच सांभाळ करणारा, प्रवासाचे कष्ट, मन विषण्ण करणारे दृश्य आणि परतल्यावर मालमत्तेची वा कुटुंबाची दुरवस्था यांपासून आश्रय दे. अली यांच्या कथनात टप्पे अधिक स्पष्ट आहेत : रिकिबीत पाय ठेवताना ‘बिस्मिल्लाह’, पाठीवर स्थिरावल्यावर ‘अल्हम्दुलिल्लाह’ व मग आयत. हदीससंग्राहक तिर्मिझींनी हे कथन ‘हसन सहीह’ म्हणजे विश्वसनीय मानले; त्याच्या सनदीतील, म्हणजे कथनकर्त्यांच्या साखळीतील, अबू इस्हाक यांच्या दुव्याविषयी मात्र काही जाणकारांनी शंका घेतली आहे.

हा क्रम विमानाला लावल्यास दारातून आत शिरताना बिस्मिल्लाह आणि आसनावर बसल्यावर आयत, असे होते. विमान हलू लागल्यावर किंवा उड्डाणाच्या वेळी ती म्हणण्याची चालही आहे. दोन्ही कथनांतला भर स्थिरावण्यावर असल्याने पहिली वेळ अधिक सयुक्तिक वाटते. सामान ठेवण्याच्या गडबडीत राहून गेली, तर आठवल्यावर म्हणता येते. दुआ सुन्नत म्हणजे प्रेषितांच्या आचरणातली आहे, फर्ज म्हणजे बंधनकारक नव्हे. चढताना तकबीर म्हणजे ‘अल्लाहु अकबर’ व उतरताना ‘सुब्हानल्लाह’ म्हणण्याची प्रथा वेगळी असून ती बुखारी या हदीससंग्रहातील जाबिर यांच्या कथनावर आधारलेली आहे. उड्डाणाच्या क्षणाशी तिचा मेळ अधिक बसतो.

रत्नागिरीहून मोटारीने मुंबई आणि तेथून विमानाने जिद्दा, असा उमरा प्रवास घेतला, तर सफर मोटारीपासूनच सुरू होते. त्यामुळे दीर्घ दुआ मोटारीत बसल्यावरच म्हणावी आणि विमानात, तसेच वाटेत विमान बदलल्यास पुन्हा, वाहनाची आयत म्हणावी, ही मांडणी कथनांशी जुळते. विमानात पूर्ण दुआ परत म्हणण्यासही हरकत नाही. परतीच्या प्रवासात याच दुआला ‘आयिबून, ताइबून, आबिदून, लिरब्बिना हामिदून’ (परतणारे, पश्चात्ताप करणारे, उपासना करणारे, आमच्या पालनकर्त्याची स्तुती करणारे) ही जोड असते.