गाळलेल्या जागा वेगळ्या, क्लोझ टेस्ट वेगळी

आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं बसतात. कोणी स्टाफ सिलेक्शन कमिशनचं, म्हणजे एसएससीचं करतो, कोणी बँकेचं. त्यांचे इंग्रजीचे सराव पेपर तपासताना एकच वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते लिहूनच टाकतो: "सर, बसते ना थो शब्द वाक्यात, मंग चुकला कसा?"

तो शब्द वाक्यात बसतो, यात शंका नाही. फक्त हा प्रश्न गाळलेल्या जागांचा नव्हता, क्लोझ टेस्टचा होता.

गाळलेल्या जागा भरा हा प्रकार आपण शाळेपासून करत आलो आहोत. एक सुटं वाक्य, एक रिकामी जागा, चार पर्याय. वाक्य वाचलं, शब्द बसवला, पुढे निघालो. त्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही. क्लोझ टेस्टमध्ये सलग उतारा असतो आणि त्यात क्रमांक दिलेल्या रिकाम्या जागा असतात, एसएससीत बहुधा पाच. वरवर पाहता पाच गाळलेल्या जागा एकापाठोपाठ जोडल्यासारखंच दिसतं. संगणकावरची परीक्षा या घोळात भरच घालते, कारण तिथं प्रत्येक जागा स्वतंत्र प्रश्न म्हणून समोर येते. उतारा सोबत असतो, पण पोराची नजर तेवढ्या एका ओळीवर जाते.

नावाचा घोळही इथंच मिटवू. हा 'बंद करणे'वाला क्लोज नाही. विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकानं १९५३ साली ही पद्धत मांडली, ती मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे हे मोजण्यासाठी. उताऱ्यातून ठराविक अंतरानं, समजा दर पाचवा शब्द काढायचा आणि वाचणाऱ्यानं तो ओळखायचा. अर्धवट चित्र मन आपोआप पूर्ण करतं, या मानसशास्त्रातल्या 'क्लोजर'च्या कल्पनेवरून त्यानं हे नाव घडवलं. त्याच्या पद्धतीत पर्याय नव्हते. आपल्या परीक्षेत पर्याय असतात, आणि शब्द मोजून काढलेला नसतो, पेपर काढणारा तो निवडून काढतो. म्हणजे जिथं घसरण आहे तिथंच तो खड्डा खणतो.

आता खरा फरक. सुट्या वाक्यात चारपैकी एकच शब्द बसेल अशी सोय त्या वाक्यातच करावी लागते, कारण दुसरं काही हाताशी नसतं. क्लोझमध्ये ती अट नाही. त्या वाक्यापुरते दोन, कधी तीन शब्द व्यवस्थित बसतात आणि त्यातला कोणता घ्यायचा हे दुसरंच वाक्य ठरवतं. ते वाक्य मागं असेल असंही नाही, पुष्कळदा पुढं असतं.

एक उतारा मी अभ्यासिकेत नेहमी घेतो. विषय आपल्या घरचाच आहे, दुबार पेरणी. मोठ्यानं वाचूनच सोडवायचा म्हणून इंग्रजी इथं देवनागरीत लिहितो.

"लास्ट इयर द रेन्स केम अर्ली, अँड मोस्ट फार्मर्स प्लांटेड देअर कॉटन अ‍ॅट वन्स. (१) ____, द स्काय स्टेड ड्राय फॉर द नेक्स्ट थ्री वीक्स. (२) ____ सीडलिंग्ज सर्व्हाइव्ड, सो ऑलमोस्ट द होल व्हिलेज हॅड टु प्लांट अगेन. ओन्ली दोज हू हॅड (३) ____ फॉर अ गुड रेन वेअर स्पेअर्ड द सेकंड एक्स्पेन्स. वन ओल्ड मॅन अमंग देम हॅड बीन (४) ____ फॉर हिज डिले, बट बाय ऑगस्ट द सेम नेबर्स वेअर आस्किंग (५) ____ अ‍ॅडव्हाइस."

तिसऱ्या जागेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पोरं तिथंच पडतात. पर्याय आहेत: अवेटेड, एक्स्पेक्टेड, होप्ड, वेटेड. मराठीत विचार करणारा 'पावसाची वाट पाहिली' म्हणतो आणि अवेटेडवर टिचकी मारतो. अर्थ बरोबर आहे, पण रिकाम्या जागेला लागून 'फॉर' बसला आहे. अवेटला 'फॉर' चालत नाही, 'अवेट द रेन' असं थेट म्हणावं लागतं. एक्स्पेक्टचंही तेच. एवढ्या एका 'फॉर'नं दोन पर्याय गेले. इथवर काम व्याकरणाचं.

राहिले होप्ड आणि वेटेड. 'होप्ड फॉर अ गुड रेन' यात व्याकरणाची काहीच चूक नाही. सुटं वाक्य असतं तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागली असती. एकदा एक पोरगा होप्डवर अडून बसला. मी म्हटलं, "पुढचं वाक्य वाच." त्यात 'डिले' आहे, म्हातारबानं उशीर केला होता. उशीर आशा केल्यानं होत नाही, थांबल्यानं होतो. तो गप्प झाला, पण मागच्या बाकावरची एक पोरगी बोलली, "सर, पुढं कायले जाता? 'ओन्ली' आहे ना. आशा तं साऱ्या गावानंच केली असन." मी इतकी वर्षं हा उतारा घेतोय, 'ओन्ली'कडे माझं लक्ष गेलं नव्हतं. आता दोन्ही खुणा सांगतो.

पहिली जागा: देअरफोर, ऑल्दो, हाउएव्हर, मोरओव्हर. मागच्या वाक्यात पाऊस लवकर आला आणि पेरण्या झाल्या, पुढच्यात तीन आठवडे आभाळ कोरडं. गोष्ट उलटली. म्हणून देअरफोर आणि मोरओव्हर अर्थानं बाद होतात, व्याकरणानं ते तिथं खुशाल बसले असते. ऑल्दोची गत उलटी आहे. अर्थ जवळचा, पण त्याला एकाच वाक्यात दोन तुकडे लागतात. इथं एकच तुकडा आहे, लगेच पूर्णविराम आहे, आणि रिकाम्या जागेनंतर स्वल्पविराम टाकलेला आहे. ऑल्दो असं एकटं स्वल्पविराम घेऊन उभं राहत नाही, हाउएव्हर राहतं. आपली पोरं इथं फसतात, कारण 'जरी' आणि 'तरी' मराठीत जोडीनं येतात आणि दोन्हींच्या मागं एकच भाव असतो. त्याच सवयीनं 'ऑल्दो' लिहून पुढं 'बट'ही लिहितात. ते वाचलं की माझं डोकं दुखतं. इंग्रजीत त्या जोडीतला एकच ठेवायचा.

दुसऱ्या जागेचे पर्याय: फ्यू, अ फ्यू, लिटल, मेनी. रोपं मोजता येतात म्हणून लिटल गेला. मेनी घेतला तर गावाला पुन्हा पेरायचं कारणच उरत नाही. फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीतच, अ फ्यू म्हणजे थोडी का होईना, आहेत. हा फरक यादीत पाठ असूनही पोरं गोंधळतात, कारण त्या जागेच्या डावी-उजवीकडे त्याची खूणच नाही. खूण आहे दोन शब्द सोडून येणाऱ्या 'सो'मध्ये आणि त्याच्या पुढच्या तुकड्यात: म्हणून गावाला पुन्हा पेरावं लागलं. नाही म्हणण्यासारखीच उरली, म्हणून पेरावं लागलं. उत्तर फ्यू. तो 'सो' काढून 'बट' ठेवला असता तर उत्तर अ फ्यू झालं असतं. थोडी वाचली, पण तरी गावाला पेरावंच लागलं. वाक्य तेच राहिलं, एक जोडशब्द बदलला आणि उत्तर फिरलं.

म्हणून 'रिकाम्या जागेच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन शब्द वाचा, वेळ वाचतो' असं शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे. वरच्या उताऱ्यात त्या युक्तीनं पाचवी जागा तेवढी खात्रीनं सुटते. तिचे पर्याय हिज, हिम, अ‍ॅन, मेनी. अ‍ॅडव्हाइस इंग्रजीत मोजत नाहीत, म्हणून 'एक सल्ला' या मराठीच्या आधारे अ‍ॅन किंवा मेनी लावता येत नाही. 'आस्किंग हिम'नंतर 'फॉर' हवा होता, तो नाही. हिज. निव्वळ व्याकरण, पाच सेकंदांचं काम. अशा जागेवर उताऱ्याचा अर्थ उकरत बसायचं नाही, हेही ओळखता यायला हवं.

चौथीत लाफ्ड, मॉक्ड, प्रेज्ड, टीझिंग असे पर्याय आहेत. लाफ्डला 'अ‍ॅट' लागतो, 'हॅड बीन'च्या पुढं टीझिंग घातलं तर म्हाताराच दुसऱ्यांना चिडवू लागतो आणि कोणाला हेही वाक्यात येत नाही. प्रेज्ड छान बसतो, पण पुढं 'बट' आणि 'द सेम नेबर्स' आहे. तेच शेजारी नंतर सल्ला मागायला आले, याचा अर्थ आधी काहीतरी उलटं वागले होते. मॉक्ड.

सोडवायचा क्रमही यावरूनच ठरतो. मी पोरांना पर्याय हातानं झाकून पूर्ण उतारा एकदा वाचायला लावतो, रिकाम्या जागी नुसतं 'हं' म्हणत. गोष्ट कोणाची, कुठं उलटली, शेवटी काय झालं, एवढंच पकडायचं. मग पर्याय उघडायचे. प्रत्येक जागेला आधी विचारायचं, इथं कोणत्या रूपाचा शब्द बसू शकतो. त्यात जे टिकतील त्यांना विचारायचं, मागचं-पुढचं वाक्य तुझ्याशी सहमत आहे का. १, २, ३ असा क्रम पाळायची गरज नाही. या उताऱ्यात पाचवी आधी भरा, मग तिच्या आधारानं चौथी, मग तिसरी. शेवटी भरलेला उतारा मनात सलग वाचायचा. चुकीचा शब्द तिथं घासात खडा यावा तसा लागतो. एसएससी सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला २ गुण आणि चुकीला अर्धा गुण वजा आहे. तेव्हा दोन पर्यायांवर अडलात तर अंदाज मारण्याआधी पुढचं एक वाक्य वाचणं परवडतं.

बाकी फरक किरकोळ आहेत. क्लोझमध्ये पहिलं वाक्य बहुधा अख्खं ठेवतात, विषय कळावा म्हणून. काळ साऱ्या उताऱ्यात सहसा एकच चालतो, त्यामुळे क्रियापदाचं रूप शेजारच्या वाक्यावरून ताडता येतं. आणि शब्दांच्या याद्या दोन्हीकडे लागतात, पण क्लोझसाठी 'वेट' एकटा पाठ करू नका, 'वेट फॉर' असाच वहीत उतरवा. त्या होप्डवाल्या पोराच्या वहीत आता शब्दापुढं त्याचा जोडीदार लिहिलेला असतो, आणि होप पुढंही त्यानं फॉर लिहून ठेवलं आहे, लाल शाईनं.