बुडनब्रुक्स (कादंबरीतील भावंडांचे वारसाकलह)

टॉमस मान (१८७५–१९५५) यांची ‘बुडनब्रुक्स’ ही जर्मन कादंबरी १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. ल्युबेकमधील धान्यव्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांचा ऱ्हास तिच्यात येतो. तिच्यात भाऊबंदकीचे तीन मोठे प्रसंग आहेत. ते शेजारी ठेवून पाहिले, तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते: तिन्हींत सर्वांत कडवट भांडण होते ते सर्वांत किरकोळ वस्तूंवरून.

मराठी वाचकाने आधी एक फरक ध्यानात घ्यावा. हिंदू वारसाकायद्यातल्या मिताक्षरा पद्धतीत एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलाचा हक्क जन्मापासून असतो. या कादंबरीत मालमत्ता बापाची आहे, पण तिचा गाभा म्हणजे पेढी. पेढीची रक्कम विखुरली की पत जाते. त्यामुळे पेढीचा प्रमुख नकार देतो, तेव्हा तो आपण स्वार्थापोटी नव्हे तर घराण्यासाठी देत आहोत असे म्हणू शकतो. सत्तेला मायेची भाषा मिळते ती इथून.

पहिला वाद सावत्र भावांचा. १८३५ मध्ये मेंगश्ट्रास या रस्त्यावरील नव्या घरात मेजवानी असते, त्याच दिवशी थोरल्या गोटहोल्डचे पत्र येते. वडील योहान यांच्या मनाविरुद्ध दुकानवालीशी लग्न केल्यामुळे ते त्याच्यावर रुष्ट आहेत. घराच्या किमतीतला आपला वाटा म्हणून तो सुमारे ३३ हजार कुरांटमार्क, म्हणजे तिथल्या चलनातली रक्कम, मागतो. रोषाचे मूळ मात्र लग्नाहून जुने आहे. योहानची लाडकी पहिली बायको याच मुलाच्या जन्मात दगावली, आणि ते बापाने कधी माफ केले नाही. पाहुणे गेल्यावर धाकटा जाँ वडिलांपाशी पत्राचा विषय काढतो. कुटुंबाच्या इमारतीला गुप्त तडा असू नये, असे धार्मिक वृत्तीचा जाँ आधी म्हणतो. मग वडील पेढीच्या दृष्टीने सल्ला विचारतात, तो हिशेब मांडतो आणि पैसे देऊ नयेत असे सांगतो. दोन्ही वेळा तो प्रामाणिक असतो, म्हणून त्याला ढोंगी ठरवून हा प्रसंग सुटत नाही. वडील वारल्यावर तो गोटहोल्डपुढे भाऊ म्हणून हात पुढे करतो, आणि पैशांच्या बाबतीत मात्र पेढीचा प्रमुख म्हणूनच बोलतो.

दुसरा वाद पुढच्या पिढीतला, जाँच्या मुलांमधला: क्लाराच्या वाट्याचा. धाकटी बहीण क्लारा रिगामध्ये मरते. मरणासन्न लेकीने पेन्सिलीने लिहिलेली इच्छा मानून आई तिचा वारसा, १,२७,५०० कुरांटमार्क, तिच्या पाद्री नवऱ्याला देऊन टाकते. आता पेढी चालवणारा थोरला मुलगा टॉमस, त्याला हे मागाहून कळते. रक्कम प्रचंड आहे, पण त्याला जास्त झोंबते ते आपल्याला विचारले नाही हे. आजवर तोच सर्वांच्या वतीने ठरवत आला होता. इथे आईच्या मायेने त्याची सत्ता डावलली.

तिसरा प्रसंग १८७१ चा. आईचे कलेवर अजून घरातच आहे आणि भावंडे सामानाची वाटणी करायला बसतात. टॉमसचा अविवाहित धाकटा भाऊ ख्रिस्तियान अनपेक्षितपणे पलंगपोस, टेबलक्लॉथ, भांडी मागतो. टॉमसच्या लेखी एकट्या माणसाला त्याची गरज नाही. मग कळते की ख्रिस्तियानला आलीनशी लग्न करायचे आहे. ती बदनाम, तीन मुलांची आई. त्यांपैकी एक मूल तो आपले मानतो. टॉमस आपल्या हातातले शस्त्र काढतो: ख्रिस्तियानच्या वाट्याचा कारभार टॉमसकडे आहे, तेव्हा मुद्दल त्याला मिळणार नाही. त्यांची बहीण टोनी मध्ये पडते, आई तिकडे निजली आहे म्हणून विनवते. तिला कोणी जुमानत नाही.

या पलंगपोस-भांड्यांची किंमत क्लाराच्या वाट्यापुढे नगण्य आहे. तरी इथेच टॉमसच्या तोंडून खरे निघते: मी तुझ्यासारखा होऊ इच्छित नव्हतो, म्हणून मी असा झालो. म्हणजे धाकटा भाऊ हे त्याचे टाळलेले रूप आहे. त्याला पलंगपोस देणे म्हणजे त्या रूपाला संसार थाटू देणे. ख्रिस्तियानची तक्रारही पैशांची नाही. शरीराच्या डाव्या बाजूच्या दुखण्याबद्दल भावाने कधी आपुलकीने विचारले नाही, ही ती आहे. एरवी त्याच्या या दुखण्याचे हसू येते. इथे येत नाही.

‘शिस्तीचा भाऊ आणि उधळ्या भाऊ’ असे वाचन या प्रसंगावर तोकडे पडते. टॉमसही आतून पोखरलेला आहे. उंची पोशाख आणि वक्तशीरपणा यांच्या आधाराने तो उभा राहतो, ख्रिस्तियान नाही, एवढेच. त्याचा संताप भीतीतून येतो, म्हणून तो रकमेच्या प्रमाणात मोजता येत नाही.

टॉमसच्या मृत्यूनंतर ख्रिस्तियान आलीनशी लग्न करतो. ती त्याला मनोरुग्णालयात ठेवते आणि स्वतः पूर्वीसारखीच मोकळी राहते.