चिडवाचिडवी आणि प्रेम: एक खुलासा

“नवरा-बायको एकमेकांना जितकं टोचून बोलतात तितकं प्रेम जास्त, खरं ना?”

नाही. किती टोचलं यापेक्षा ज्याला टोचलं तो काय करतो, ते पाहावं. आमटी खारट झाली. “आज समुद्रच वाढलास!” म्हटल्यावर तिने “मग पोहायला शिका” असं परतवलं, दोघं हसली, तर ती जवळीक. तेच पाहुण्यांसमोर, “हिच्या माहेरी असंच” जोडून आलं, ती गप्प झाली आणि वर “साधी गंमत कळत नाही” ऐकावं लागलं, तर आत जुनी तक्रार साचलेली असते. जोडप्यांचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनाही घटस्फोटाचं ठळक लक्षण दिसलं ते तुच्छता, नुसतं भांडण नव्हे. माझ्या मते कस लागतो “हे नको बोलूस” म्हटल्यावर. गंमतच असेल, तर तो विषय पुन्हा निघत नाही.