सुवर्ण गुणोत्तर आणि न वळणारे बाण

कर्वे रस्त्याने जाताना एका गृहप्रकल्पाची मोठी जाहिरात दिसते. घरं म्हणे सुवर्ण गुणोत्तरात आखली आहेत, त्यामुळे आत राहणाऱ्यांना निसर्गाशी एकरूप झाल्यासारखं वाटेल. बरोबर शंखाचं चित्र आहे आणि १.६१८ हा आकडा सोनेरी अक्षरात. चौरस फुटाचा भाव मात्र लिहिलेला नाही. हा आकडा कुठून येतो ते दहावीच्या बीजगणितात दाखवता येतं, आणि तसं दाखवताना आयगेन मूल्य आणि आयगेन सदिश या दोन गोष्टी आपोआप हाती लागतात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुष्कळ मुलं ही मूल्यं धडाधड काढतात, पण आपण नेमकं काय काढलं ते त्यांना कुणी चित्र काढून दाखवत नाही.

सुरुवात छंदांपासून करू. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? गुरु-गुरु, गुरु-लघु-लघु, लघु-गुरु-लघु, लघु-लघु-गुरु आणि चारही लघु, असे पाच प्रकार. पाच मात्रांसाठी पुन्हा सगळं मांडत बसायला नको. शेवटचं अक्षर लघु असेल तर आधीच्या चार मात्रा ५ प्रकारे भरतात, गुरु असेल तर आधीच्या तीन ३ प्रकारे. म्हणून एकूण ८. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने हाच नियम सांगितला. ही माळ ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या इटालियन फिबोनाचीचं पुस्तक १२०२ सालचं, म्हणजे त्यानंतरचं. १, २, ३, ५, ८, १३... प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज.

आता हा नियम कागदावर उतरवू. ताजी संख्या x आणि तिच्या आधीची y. एक पाऊल पुढे गेलं की नवी ताजी संख्या x + y होते आणि जुनी x मागे सरकते. म्हणजे (x, y) हा बिंदू (x + y, x) इथे जातो. सहगुणकांचा चौकोन मांडला की झाली मॅट्रिक्स:

```
१  १
१  ०
```

आलेखकागदावर आरंभबिंदूपासून (x, y) पर्यंत एक बाण काढा आणि त्याच्यावर ही मॅट्रिक्स चालवा. (१, ०) हा आडवा बाण (१, १) होतो, म्हणजे ४५ अंशांनी वर वळतो. (०, १) हा उभा बाण (१, ०) होतो, चक्क आडवा पडतो. बहुतेक बाणांची दिशा अशी बदलते आणि लांबीही बदलते. मग एखादा बाण असा आहे का, की जो वळतच नाही, आपल्याच रेषेवर राहून फक्त लांब किंवा आखूड होतो? असा बाण म्हणजे त्या मॅट्रिक्सचा आयगेन सदिश. तो जितक्या पटीने ताणला जातो ती पट, λ, म्हणजे त्याचं आयगेन मूल्य. λ ऋण असेल तर बाण त्याच रेषेवर उलट तोंड करतो.

शोधायचा कसा? अट सरळ लिहू: x + y = λx आणि x = λy. दुसऱ्या समीकरणातला x पहिल्यात घातला की λy + y = λ²y. इथे y शून्य असू शकत नाही, कारण मग x ही शून्य होईल आणि बाणच उरणार नाही. म्हणून y ने भागून λ² = λ + १. या वर्गसमीकरणाची मुळं १.६१८ आणि −०.६१८. सोनेरी अक्षरांतला आकडा हा असा निघाला. x = λy असल्यामुळे न वळणारे बाणही लगेच मिळतात: (१.६१८, १) आणि (−०.६१८, १).

कोणत्याही दोन बाय दोन मॅट्रिक्ससाठी हेच करता येतं. वरच्या ओळीत a, b आणि खालच्या ओळीत c, d असतील तर दोन समीकरणं मिळतात: (a − λ)x + by = ० आणि cx + (d − λ)y = ०. या दोन्ही आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषा. त्या वेगवेगळ्या असल्या तर आरंभबिंदूतच छेदणार आणि आपल्याला बाण मिळणार नाही. बाण हवा असेल तर दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्यात, म्हणजे निश्चयक शून्य हवा: (a − λ)(d − λ) − bc = ०. उत्तर चुकलंय का हे पाहायला सोपा ताळा आहे. दोन्ही मूल्यांची बेरीज a + d यायला हवी आणि गुणाकार ad − bc. आपल्याकडे बेरीज १ आणि गुणाकार −१, जमलं.

खरी गंमत पुढे आहे. हे दोन न वळणारे बाण वेगवेगळ्या दिशांचे आहेत, त्यामुळे कागदावरचा कुठलाही बाण या दोघांच्या काही पटींची बेरीज करून लिहिता येतो. प्रत्येक पावलाला त्याचा पहिला भाग १.६१८ पट होतो आणि दुसरा −०.६१८ पट. म्हणजे पहिला फुगत जातो, तर दुसरा वठत जातो आणि शिवाय दर पावलाला कुशी बदलतो. शेजारच्या संख्यांची गुणोत्तरं पाहिली की हे डोळ्यांना दिसतं: २, १.५, १.६६७, १.६, १.६२५, १.६१५... एकदा १.६१८ च्या वर, एकदा खाली, पण दरवेळी त्याच्या अधिक जवळ. ही वरखाली दुसऱ्या मूल्याच्या ऋण चिन्हामुळे होते. चूक किती वेगाने कमी होते तेही सांगता येतं. ०.६१८ भागिले १.६१८ म्हणजे साधारण ०.३८, त्यामुळे पुढेपुढे दर पावलाला चुकीचा सुमारे ३८ टक्के भागच उरतो.

सुरुवात १, २ नेच करायला हवी असंही नाही. २, ७ घ्या: ९, १६, २५, ४१, ६६, १०७. शेवटचं गुणोत्तर १.६२१. आकड्याचं मूळ नियमात आहे, सुरुवातीच्या संख्यांत नाही. नियम बदलून ताजी संख्या दुप्पट करून आधीची मिळवली तर समीकरण λ² = २λ + १ होतं आणि १.६१८ च्या जागी २.४१४ येतो. त्याची जाहिरात कुणी करत नाही. आणि तो शंख? सुवर्ण सर्पिल म्हणजे दर पाव फेऱ्याला १.६१८ पट रुंदावणारं वळण; ते एका पूर्ण फेऱ्यात केंद्रापासून जवळपास सातपट दूर जातं, नॉटिलसचा शंख साधारण तिप्पट. दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली तरी जुळत नाहीत.

दरवेळी दोन बाण मिळतातच असं समजू नका. (x, y) ला (−y, x) इथे नेणारी मॅट्रिक्स सगळं ९० अंशांनी फिरवते. न वळणारा बाण तिथे असणारच कसा? समीकरणही तेच सांगतं: λ² + १ = ०, वास्तव मूळ नाही. (x, y) ला (x + y, y) इथे नेणाऱ्या मॅट्रिक्समध्ये १ हे मूळ दोनदा येतं, पण न वळणारी रेषा एकच, X-अक्ष. तिथे दोन भागांत फोड करण्याची वरची युक्ती चालत नाही.

आपल्या मॅट्रिक्सकडे परत येऊन एक गोष्ट कागदावर करून पाहा. दुसऱ्याच आयगेन सदिशावरून निघा, म्हणजे आधीची संख्या १ आणि ताजी −०.६१८. हिशोबाप्रमाणे ही माळ चिन्हं बदलत शून्याकडे जायला हवी. बेरजा करत जा: ०.३८२, −०.२३६, ०.१४६, −०.०९०, ०.०५६, −०.०३४, ०.०२२, −०.०१२, ०.०१०, −०.००२, ०.००८, ०.००६, ०.०१४, ०.०२०, ०.०३४, ०.०५४. मध्येच ऋण चिन्हं गायब झाली आणि माळ पुन्हा वाढायला लागली. बेरीज चुकलेली नाही. खरा आकडा −०.६१८०३३९... आहे आणि आपण तो तीन दशांश स्थळांवर तोडला. त्या तुकड्यात पहिल्या बाणाचा एक कण शिरला. दर पावलाला तो कण १.६१८ पट होत गेला, दुसरा भाग आटत गेला, आणि पंधरा-सोळा पावलांत कणाने सगळी माळ ताब्यात घेतली. शेवटच्या दोन संख्यांचं गुणोत्तर काढा: १.५९.